‘दमदार’ पंप पाणी किती देतो?

तालुक्याच्या गावी पंपांच्या दुकानात काउंटरवर माहितीपत्रकांची चळत पडलेली असते. त्यातलं लहान कारखान्याचं एखादं उचललं, तर मजकूर बहुतेक असा सापडतो: “अत्याधुनिक तंत्रज्ञानाने बनवलेला, दमदार, टिकाऊ आणि विजेची बचत करणारा मोनोब्लॉक पंप. उत्कृष्ट दर्जा, अतुलनीय कामगिरी. शेतकऱ्याचा खरा सोबती.” बाजूला हिरव्या शेताचा फोटो, कोपऱ्यात ‘३ एचपी’. हा मजकूर पंपाऐवजी ट्रॅक्टरच्या, फवारणी यंत्राच्या किंवा गिरणीच्या फोटोखाली छापला, तरी एकही शब्द बदलावा लागणार नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे, राजकोटला, कोइमतूरला असे पंप बनवणारे शेकडो छोटे कारखानदार आहेत. ओतकाम एका फाउंड्रीतून येतं, वायंडिंग आणि जुळणी स्वतःच्या शेडमध्ये होते, आणि कॅटलॉगचा मजकूर दिवाळीच्या आधी, छपाईवाल्याचा फोन आल्यावर घाईत लिहिला जातो. त्या घाईमागे काही पक्के समज असतात. ते तपासायला हाच ३ एचपीचा, थ्री फेजवर चालणारा, विहिरीवर बसवायचा पंप घेऊ. पुढचे त्याचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण या ताकदीच्या पंपाला शोभतील असेच आहेत.

समज: शेतकरी आकडे वाचत नाही, त्याला भारदस्त शब्द लागतात

दुकानात गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकावं. “किती फुटांवर पाणी फेकतो?” “दोन इंची पाणी भरून पडेल का?” “पाणी अठरा फूट खाली गेलंय, ओढेल का?” “आमच्याकडं लाइट कमी दाबाची असते, चालेल का?” एकही प्रश्न विशेषणाचा नाही. पहिला हेडचा आहे, दुसरा डिस्चार्जचा, तिसरा सक्शनचा, चौथा व्होल्टेजचा. शेतकरी आकडेच मागतो, फक्त मीटर आणि लिटर-प्रति-सेकंद या भाषेत मागत नाही.

उत्तर पत्रकात नसलं की ते दुकानदार देतो, आणि अंदाजाने देतो. “घेऊन जा दादा, बिनधास्त चालतो,” हे खरं तर कारखानदाराच्या वतीने दिलेलं आश्वासन असतं, आणि कारखानदाराला ते दिलं गेल्याचा पत्ताही नसतो. पंप परत येतो तेव्हा तक्रार मात्र त्याच्याच नावाने येते.

समज: एचपी आणि ‘जास्तीत जास्त’चे आकडे दिले की काम झालं

विशेषणांवरून आकड्यांवर आलेला कारखानदार पहिल्यांदा हीच चूक करतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. सुधारलेल्या पत्रकात तो लिहितो: “कमाल हेड ३२ मीटर, कमाल डिस्चार्ज ७.५ लिटर प्रति सेकंद.” दोन्ही आकडे खरे असू शकतात. तरी त्यांनी उभं केलेलं चित्र खोटं असतं.

सेंट्रीफ्यूगल पंपाचं पाणी आणि त्याची उंची ही एकमेकांच्या बदल्यात मिळतात. उंची वाढवली की पाणी कमी होतं. ३२ मीटर हेड मिळतं ते डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना, म्हणजे पाण्याचा एक थेंबही बाहेर येत नसताना. आणि ७.५ लिटर मिळतात ते पंपाला जवळजवळ काहीच उचलावं लागत नाही तेव्हा. वाचणारा मात्र दोन्ही आकडे एका दमात वाचतो आणि समजतो, की हा पंप ३२ मीटर उंचीवर सेकंदाला साडेसात लिटर टाकतो.

ते अशक्य का, हे कागदावर एका ओळीत तपासता येतं. लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर हेड, भागिले १०२, म्हणजे पाण्याला मिळालेली ताकद किलोवॅटमध्ये. ७.५ गुणिले ३२ म्हणजे २४०, आणि त्याला १०२ने भागलं की साधारण २.३५ किलोवॅट. ३ एचपी म्हणजे मात्र जेमतेम २.२ किलोवॅट. पंपाला मोटरकडून मिळते त्याहून जास्त ताकद तो पाण्याला देतो, असा याचा अर्थ झाला. वस्तुतः अशा छोट्या पंपात शाफ्टवरच्या ताकदीपैकी निम्मी किंवा निम्म्याहून थोडी जास्त पाण्यापर्यंत पोचते. बाकीची घर्षणात आणि पाण्याच्या घुसळणीत जाते. कोणाच्याही कॅटलॉगवर हा गुणाकार करून पाहावा. उत्तर मोटरच्या ताकदीच्या वर गेलं, तर ते दोन आकडे एका वेळचे नाहीत हे नक्की.

असा सुटा ‘कमाल’ म्हणजे अंकात लिहिलेलं विशेषण. त्याच्या जागी जोडीचे आकडे हवेत:

एकूण हेड १८ मी. – ६.६ लि./से.
एकूण हेड २२ मी. – ५.६ लि./से.
एकूण हेड २५ मी. – ४.५ लि./से.
एकूण हेड २८ मी. – ३.२ लि./से.

या चार ओळींचा उपयोग एका शेतावर करून पाहू. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी पंपापासून ५ मीटर खाली जातं. पाणी टाकायचं आहे ते पंपापासून १२ मीटर उंच असलेल्या वरच्या रानात. ही झाली १७ मीटर नुसती उंची. मधे ६३ मिलिमीटरची दीडशे मीटर पीव्हीसी पाइप आहे. सेकंदाला साडेचार लिटर पाणी त्या पाइपमधून न्यायचं, तर घर्षणात साधारण ७ मीटर हेड खर्च होतं. फूटव्हॉल्व्ह, बेंड, व्हॉल्व्ह मिळून आणखी १ मीटर धरू. एकूण २५ मीटर. तक्त्यात २५समोर ४.५ लिटर आहेत, म्हणजे हिशेब जुळला: या शेतावर हा पंप सेकंदाला साडेचार लिटर, ताशी १६,२०० लिटर पाणी देईल.

आता एका एकराला ५ सेंटिमीटर पाण्याची पाळी द्यायची, तर लागतं सुमारे दोन लाख लिटर. ताशी १६,२०० लिटरने त्याला साडेबारा तास लागतात. ‘कमाल डिस्चार्ज’ वाचून आलेला माणूस ७.५ लिटरने, ताशी २७,००० लिटरने हिशेब करतो आणि त्याचं उत्तर येतं साडेसात तास. शेतीच्या फीडरवर वीज साधारण आठ तासांच्या पाळीने मिळते. त्यामुळे हा फरक कागदावरचा राहत नाही. एका पाळीत एकर भिजेल म्हणून घेतलेला पंप दीड पाळी खातो, आणि शेतकरी म्हणतो, पंप फसवा निघाला. पंप ठीकच होता.

त्याच शेतावर ७५ मिलिमीटरची पाइप टाकली, तर घर्षण निम्म्याहून खाली येतं आणि तोच पंप सेकंदाला जवळपास साडेपाच लिटर देतो. म्हणून तक्त्याखाली एक ओळ जरूर असावी: “एकूण हेडमध्ये पाइपमधलं घर्षण धरलं आहे, पाइप शंभर मीटरपेक्षा लांब असेल तर एक साइज मोठी वापरा.” या ओळीने पंप चांगला होत नाही, पण बसवल्यावर तो चांगला ठरण्याची शक्यता बरीच वाढते. आणि मीटरशेजारी फूट द्यावेत. २५ मीटरपुढे ‘८२ फूट’ लिहायला जागा फार लागत नाही.

समज: मर्यादा छापल्या की गिऱ्हाईक पळतं

पळतं, आणि काही वेळा पळायलाच हवं. ‘सर्व प्रकारच्या सिंचनासाठी उपयुक्त’ हे वाक्य वाचून स्प्रिंकलरवाल्याने हा पंप नेला, असं धरा. सर्वसाधारण स्प्रिंकलरच्या नोझलपाशी दोन ते अडीच किलो दाब लागतो, म्हणजेच २० ते २५ मीटर हेड. ते उंची आणि घर्षणाच्या वर लागतं. वरच्या शेताच्या १७ मीटर उंचीत हे मिळवलं, की आकडा पंपाच्या आवाक्याबाहेर गेलाच. नोझल फिरणार नाहीत, पाणी जवळच टपटपत पडेल. ही एक विक्री टळली असती, तर मेकॅनिकची खेप, वाहतूक आणि दुकानदाराची नाराजी हेही वाचलं असतं.

सक्शनची मर्यादा तर निसर्गानेच घातलेली आहे. पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो पाइपमधला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा हा जोर जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीच्या पाण्याइतका. पठारावर तो आणखी थोडा कमी. सक्शन पाइपचं घर्षण, फूटव्हॉल्व्ह आणि पंपाच्या आत लागणारा किमान दाब वजा केला, की हाती सहा-सात मीटर उरतात. त्यापुढे पंपातून खडे घुसळल्यासारखा आवाज येतो, पाणी तुटक पडतं आणि काही महिन्यांत इंपेलरला खड्डे पडतात. म्हणून “खोल विहिरीसाठी खास” असं कोणत्याही मोनोब्लॉकखाली लिहिणं म्हणजे हवेच्या दाबाशी पैज लावणं. “पाण्याची पातळी पंपापासून ६ मीटरपेक्षा (२० फूट) खाली जात असल्यास पंप विहिरीत खालच्या कट्ट्यावर बसवा किंवा सबमर्सिबल घ्या,” हे लिहिणारा कारखानदार गिऱ्हाइकाला एखाद वेळी दुसरीकडे पाठवतो खरा. पण पंप कट्ट्यावर उतरवून गिऱ्हाईक टिकवण्याची वाटही त्यानेच दाखवलेली असते.

हेडची खालची मर्यादा बहुतेक कोणी छापतच नाही. आणि मोटरी जळतात त्या पुष्कळदा तिच्यामुळे. “मोठा घेतलेला बरा” म्हणून जास्त हेडचा पंप शेततळ्यावर बसवतात. तिथे पाणी उचलायचं असतं जेमतेम पाच-सहा मीटर. अडवणारं काही नसल्यामुळे सेंट्रीफ्यूगल पंप भरमसाट पाणी फेकतो आणि त्यासाठी मोटरकडून जास्त ताकद खेचतो. ३ एचपीची मोटर पूर्ण भाराला पाच अँपिअरच्या आसपास करंट घेते. इथे काटा त्याच्या वर जातो. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असला तर स्टार्टर पडतो. शेतकऱ्याने वैतागून रिले बांधून ठेवला असला, तर वायंडिंग जातं. अशा वेळी काम कमी असूनही मोटर जळली, म्हणून सगळ्यांना नवल वाटतं. “वापराची मर्यादा: एकूण हेड १८ ते २८ मीटर. यापेक्षा कमी हेडवर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह काहीसा बंद ठेवून अँपिअर मर्यादेत आणा.” एवढ्या दोन ओळींनी रिवाइंडिंगची कितीतरी बिलं टळतात. मात्र ही सूचना सेंट्रीफ्यूगल पंपाची आहे. घरगुती वापराच्या छोट्या सेल्फ प्रायमिंग पंपांपैकी जे रिजनरेटिव्ह जातीचे असतात, त्यांचं वागणं उलटं. तिथे व्हॉल्व्ह बंद करत गेलं की मोटरवरचा भार वाढतो. एका पंपाच्या पानावरची ओळ दुसऱ्याच्या पानावर चिकटवायची सोय इथे नाही.

समज: ‘दर्जेदार’, ‘वॉटरप्रूफ’, ‘लो व्होल्टेजवर चालणारा’ ही माहितीच आहे

या शब्दांमागे बहुतेक वेळा खरी गोष्ट असते, फक्त ती शब्दाआड दडलेली असते. ‘दर्जेदार बॉडी’ म्हणजे काय, असं कारखान्यातल्या माणसाला विचारलं की तो चटकन सांगतो: कास्ट आयर्न, एफजी २०० ग्रेड. हीच ओळ छापावी. राखाडी बिडाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २१०मध्ये, या ग्रेडचा अर्थ ठरलेला आहे: ताणाला किमान २०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर टिकणारं बीड.

‘वॉटरप्रूफ’च्या जागी आयपी क्रमांक येतो. त्यातला पहिला अंक धूळ आणि घन कणांविरुद्धचा, दुसरा पाण्याविरुद्धचा. आयपी ४४ला चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे चालतात, आयपी ५५ला पाण्याचा फवारा. दोन्ही मोटरी पुरात बुडाल्या तर निकामीच होणार, आणि ‘वॉटरप्रूफ’ वाचणारा नेमकं तेच गृहीत धरून बसतो.

व्होल्टेजचं तसंच. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ४१५ऐवजी ३५० व्होल्ट मिळाले, तर सुरू होतानाचा जोर सुमारे ७१ टक्क्यांवर येतो. आणि चालू राहिलीच, तर तेवढंच काम करायला मोटर जास्त करंट घेऊन तापते. वायंडिंग त्या हिशेबाने केलेलं असेल तर “३५० ते ४४० व्होल्ट” असं लिहावं. केलेलं नसेल तर गप्प बसावं.

मानकाच्या बाबतीत थोडी जास्त सावधगिरी हवी. मोनोसेट पंपांसाठी आयएस ९०७९ हे मानक आहे. आयएसआय चिन्ह मात्र भारतीय मानक ब्यूरोचा परवाना असल्याशिवाय छापता येत नाही. २०१६च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे. ‘आयएसआय दर्जाचा’ ही मधली पळवाट कॅटलॉगांत फार दिसते. परवाना असेल तर क्रमांक द्यावा, नसेल तर त्या अक्षरांच्या जवळपासही फिरकू नये.

समज: विशेषण कोणाला अडकवत नाही, आकडा अडकवतो

हे म्हणणारे कारखानदार भोळे नसतात, आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबरही आहे. ‘अतुलनीय’ म्हटल्याबद्दल कोणी नुकसानभरपाई मागत नाही. तो बढाईचा भाग समजला जातो. ‘२५ मीटरला ४.५ लिटर’ हे मात्र मोजता येतं आणि खोटं ठरलं तर अंगाशी येतं. १९३०च्या माल विक्री कायद्यात वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी अटच गृहीत धरलेली आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा वर्णनातल्या ठोस विधानाला स्पष्ट हमीच्या पंक्तीला बसवतो.

उरलेलं अर्धं ते विसरतात. ग्राहकाने आपलं काम सांगितलं, विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला आणि तो माल त्या कामाचा निघाला नाही, तर १९३०च्या त्याच कायद्याने विक्रेता अडचणीत येऊ शकतो. पत्रकात एकही आकडा नसला तरी. आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवली, तरी २०१९च्या कायद्यात ती दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडते. मर्यादेसह छापलेला आकडा कारखानदाराला बांधतो तसा सांभाळतोही: “स्प्रिंकलरसाठी नाही” हे छापलेलं असताना स्प्रिंकलरची तक्रार टिकवणं अवघड जातं. अर्थात आकडा मोजलेला असला पाहिजे, शेजारच्या कंपनीच्या पत्रकावरून उतरवलेला नव्हे.

समज: मोजायला प्रयोगशाळा लागते

परवान्यासाठी लागते. कॅटलॉगसाठी शेडच्या कोपऱ्यातली मांडणी पुरते. पाण्याचा हौद, डिलिव्हरीवर प्रेशर गेज आणि गेट व्हॉल्व्ह, सक्शनवर व्हॅक्यूम गेज, मापाची टाकी, घड्याळ आणि अँपिअर मीटर. व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही गेज, करंट आणि टाकी भरायचा वेळ लिहायचा. गेजवरचा एक किलो दाब म्हणजे १० मीटर पाणी. व्हॅक्यूम गेजचे ७६० मिलिमीटर म्हणजे १०.३ मीटर. दोन्हींची बेरीज, अधिक दोन गेजमधल्या उंचीचा फरक, म्हणजे एकूण हेड. पाचशे लिटरची टाकी १११ सेकंदांत भरली, तर डिस्चार्ज साडेचार लिटर. पंप दोन-तीन वेगवेगळ्या बॅचमधले घ्यावेत आणि तक्त्यात सगळ्यांत कमी भरलेला आकडा टाकावा. मोजताना व्होल्टेजही लिहून ठेवावं, नाहीतर दुपारचे आणि रात्रीचे आकडे जुळत नाहीत.

एवढं झालं की मजकूर लिहायला फारसं काही उरत नाही. आपल्या पंपाचं पान असं होईल:

“विहीर, शेततळं किंवा कॅनॉलमधलं स्वच्छ पाणी उचलून पाटाने देण्यासाठी किंवा उंचावरची टाकी भरण्यासाठी. ३ एचपी (२.२ किलोवॅट), थ्री फेज, ३५० ते ४४० व्होल्ट. सक्शन ६५ मिमी, डिलिव्हरी ५० मिमी. एकूण २५ मीटर (८२ फूट) हेडला ताशी १६,२०० लिटर. इतर हेडसाठी तक्ता पाहा. वापर १८ ते २८ मीटर हेडमध्ये. पाण्याची पातळी पंपापासून जास्तीत जास्त ६ मीटर (२० फूट) खाली. बॉडी आणि इंपेलर कास्ट आयर्न एफजी २००. मोटर आयपी ४४. पावसापासून आडोसा हवा. स्प्रिंकलर, बोअर, सांडपाणी आणि वाळूमिश्रित पाण्यासाठी नाही.”

यात पहिलं वाक्य उपयोगाचं आहे, कारण वाचणारा आधी ‘माझ्या कामाचा आहे का’ हे पाहतो आणि मग आकड्यांकडे वळतो. ‘स्वच्छ’ हे विशेषण राहिलं, कारण त्याने पाणी वेगळं काढलं. टिकाऊपणाबद्दल काही सांगायचंच असेल, तर हमीचे महिने आणि हमीत काय येतं ते लिहावं. वायंडिंग येतं का, सील येतं का, हे दुकानात हमखास विचारलं जातं.

पानाच्या तळाशी छपाईचा महिना-वर्ष आणि पंपाचा मॉडेल क्रमांक बारीक अक्षरांत टाकावा. पुढच्या वर्षी फाउंड्रीने पॅटर्न बदलला किंवा इंपेलरचा व्यास दोन-तीन मिलिमीटरने कमी-जास्त झाला, की हेड आणि डिस्चार्ज दोन्ही सरकतात. हेड तर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात सरकतं. मग तक्ता पुन्हा मोजून छापावा लागतो, आणि दुकानदाराच्या काउंटरवरची जुनी चळत उचलून आणावी लागते.